फोटोतला झेंडा किंवा राजचिन्ह कोणत्या देशाचे, हे कसे ओळखावे : रंगाआधी काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत परदेशी झेंड्याचा फोटो तीन वाटांनी येतो. पोरगा बोटीवर कामाला असतो, त्याने पाठवलेला असतो. मेडिकलला शिकणाऱ्या मलेशियन मुलांच्या कार्यक्रमात काढलेला असतो. किंवा गोव्यातल्या नातेवाइकांच्या जुन्या पेटीतून पोर्तुगीज काळातला फोटो किंवा नाणे निघते. मग घरात चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा उत्तर चुकते. चुकायचे कारण एकच असते. लोक आधी रंग बघतात, "तांबडा, पांढरा, निळा, म्हणजे अमेरिका" म्हणतात आणि तिथेच थांबतात.

रंग हा फोटोतला सगळ्यात बेभरवशाचा पुरावा आहे. तो शेवटी तपासायचा. आधी फोटो सुलटा आहे का, मग काठीची बाजू कोणती, मग पट्ट्यांची मांडणी, मग लांबी-उंचीचे प्रमाण, मग चिन्ह आणि त्यानंतर रंग. हा क्रम मोडला की पुढचे सगळे मोजमाप वाया जाते, म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा.

## तयारी

व्हॉट्सॲपवर चार ठिकाणांहून फिरत आलेला फोटो घेऊन बसू नका. प्रत्येक वेळी पुढे पाठवताना फोटो दाबला जातो आणि बारीक पट्टे एकमेकांत मिसळतात. तेरा पट्ट्यांचे अकरा दिसायला लागतात, आणि आपला सगळा निकाल तर पट्ट्यांवर अवलंबून असतो. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. जुना कागदी फोटो असेल तर त्याचा मोबाईलवर फोटो काढण्याऐवजी कॅम्पातल्या किंवा गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घ्या आणि मागची बाजूही स्कॅन करायला सांगा. स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलने लिहिलेली तारीख तिथेच सापडते.

फोटो ‘सुधारणारे’ कोणतेही फिल्टर लावू नका. ते कडा गडद करतात, रंग भडक करतात आणि नसलेली रेघ उमटवतात.

एका कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवा : फोटो साधारण कधीचा, कुठला, आणि झेंडा कशावर होता. इमारतीवर, बोटीच्या मागच्या टोकाला, गणवेशाच्या बाहीवर की टेबलावर. शेवटच्या टप्प्यात हा कागद झेंड्याइतकाच कामाला येतो.

## टप्पा १ : फोटो आरशातला तर नाही ना?

पुढच्या कॅमेऱ्याने काढलेली सेल्फी पुष्कळ फोनमध्ये उलटी साठते, म्हणजे डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. हे झेंड्यावरून कळत नाही, आजूबाजूच्या वस्तूंवरून कळते. दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, टी-शर्टवरचा मजकूर किंवा घड्याळाचे आकडे वाचता येतात का ते पाहा. अक्षरे उलटी असतील तर फोटो डावा-उजवा पलटून सरळ करा आणि मगच पुढे जा.

हे एवढे महत्त्वाचे का, ते दोन झेंड्यांवरून पटेल. आयर्लंडच्या झेंड्यात काठीकडून हिरवा, पांढरा, नारिंगी असे तीन उभे पट्टे आहेत. आयव्हरी कोस्टच्या झेंड्यात तेच तीन रंग उलट क्रमाने येतात : नारिंगी, पांढरा, हिरवा. आयर्लंडची उलटी सेल्फी म्हणजे दिसायला आयव्हरी कोस्टच.

पडताळा : फोटोत वाचता येईल असे एकही अक्षर नसेल तर "दिशा अनिश्चित" असे कागदावर लिहा. अंदाजाने सरळ धरू नका.

## टप्पा २ : काठीची बाजू शोधा

पुस्तकातल्या चित्रात काठी नेहमी डावीकडे असते. प्रत्यक्षात झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो आणि मागून पाहिला की काठी उजवीकडे येते. त्यामुळे कोपऱ्यातला चौकोन उजवीकडे दिसला म्हणून झेंडा वेगळा ठरत नाही. आपण त्याची पाठ पाहतोय, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक देशांचे झेंडे पाठीवरही तेच असतात. पॅराग्वे हा त्याला ठळक अपवाद आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी चिन्हे असतात.

काठी फोटोत आली नसेल तर कापडाकडे बघा. काठीच्या बाजूला जाड पांढरी पट्टी शिवलेली असते, तिला दोरी किंवा कड्या असतात. मोकळी बाजू वाऱ्याने आधी विरते, तिचे दोरे सुटतात.

झेंडा उभा टांगलेला असेल तर जास्त जपून राहा. आपला तिरंगा भिंतीवर उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा, असा ध्वजसंहितेचा नियम आहे. आता तो फोटो लांबून काढला आणि चक्र घडीत गेले, तर दिसते काय? डावीकडून केशरी, पांढरा, हिरवा असे तीन उभे पट्टे, म्हणजे पुन्हा आयव्हरी कोस्ट! अशा वेळी कापडाची उंची रुंदीपेक्षा जास्त आहे का ते पाहायचे. जास्त असेल तर झेंडा टांगलेला आहे. तो मनात चौथाई वळणाने फिरवून आडवा करा आणि मग पट्टे वाचा.

## टप्पा ३ : मांडणी वाचा, पट्टे मोजा

इथे घाई करू नका. रंगांची नावे न घेता फक्त ‘गडद’ आणि ‘फिकट’ असे म्हणत झेंडा कागदावर काढा. पट्टे आडवे की उभे, सारखे की कमी-जास्त रुंदीचे, कोपऱ्यात चौकोन आहे का, काठीकडून त्रिकोण आत येतो का, एवढेच काढायचे. रंगांची नावे मनात आली की ओळखीचा झेंडा डोळ्यांपुढे येतो आणि समोर नसलेलेही दिसू लागते.

आमच्या भागात सगळ्यात जास्त गल्लत तीन झेंड्यांची होते : अमेरिका, मलेशिया आणि लायबेरिया. तिघांवर तांबडे-पांढरे आडवे पट्टे आहेत, तिघांच्या वरच्या कोपऱ्यात निळा भाग आहे. मलेशियाचा आपल्याला विद्यार्थ्यांमुळे दिसतो आणि लायबेरियाचा बोटींमुळे, कारण जगातली पुष्कळ मालवाहू जहाजे लायबेरियात नोंदवलेली असतात, मग मालक कुठल्याही देशाचा असो.

आता नेहमीची चूक सांगतो. निळ्या चौकोनाशेजारचे पट्टे घडीत जातात आणि चौकोनाखालचे लांब पट्टे स्वच्छ दिसतात, म्हणून लोक खालचेच मोजतात. पण चौकोनाखाली तिन्ही झेंड्यांत सहाच पट्टे असतात. अमेरिकेचे एकूण तेरा, त्यातले सात चौकोनाशेजारी. मलेशियाचे चौदा, त्यातले आठ शेजारी. लायबेरियाचे अकरा, त्यातले पाच शेजारी. तिघांतही उरतात सहा. खालचे कितीही वेळा मोजले तरी काहीच सिद्ध होत नाही.

त्याऐवजी दोन जागा पाहायच्या. पहिली, सगळ्यात खालचा पट्टा. अमेरिका आणि लायबेरियाचा तळाचा पट्टा तांबडा असतो, मलेशियाचा पांढरा. दुसरी, चौकोनाच्या खालच्या कडेला चिकटून असलेला पट्टा. मलेशियात तो तांबडा असतो, बाकी दोघांत पांढरा. या दोन जागांपैकी एक जरी स्पष्ट दिसली तरी मलेशिया बाजूला काढता येतो. चंद्रकोर आणि चौदा टोकांचा तारा दिसला नाही तरी चालते.

अमेरिका आणि लायबेरिया वेगळे करायला चौकोनाची खोली मोजा, म्हणजे वरच्या कडेपासून तो किती खाली येतो ते. लायबेरियात तो झेंड्याच्या निम्म्या उंचीच्याही वर संपतो, अकरातले पाच भाग. अमेरिकेत निम्म्याच्या किंचित खाली उतरतो, तेरातले सात भाग. शिवाय लायबेरियाचा हा भाग खरोखर चौकोनी असतो आणि त्यात एकच मोठा तारा असतो. अमेरिकेचा आडवा लांबट असतो.

सावधान : पट्टे अकरा, पण चौकोनात चंद्रकोर आणि अकरा टोकांचा तारा असेल, तर तो १९६३ पूर्वीचा मलायाचा झेंडा. मलेशिया झाल्यावर पट्टे आणि टोके दोन्ही चौदा झाली. १९५० नंतरच्या त्या काळात मलायात राहून आलेल्या माणसांच्या घरी असा फोटो निघू शकतो.

### एक फोटो पूर्ण सोडवून पाहू

समजा खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने डेकवरून फोटो पाठवला. मागे धूसर झेंडा, आडवे पट्टे, वर उजवीकडे गडद चौकोन. घरच्यांनी "अमेरिकेच्या बोटीवर आहे" असे गावभर सांगूनही टाकले.

आधी दिशा. मुलाच्या मागे कठड्याला अडकवलेल्या गोल ट्यूबवर बोटीचे नाव सरळ वाचता येते, म्हणजे फोटो उलटा नाही. तरी चौकोन उजवीकडे आहे, म्हणजे आपण झेंड्याची पाठ पाहतोय. मग तळाचा पट्टा गडद आहे आणि चौकोनाच्या लगेच खालचा फिकट. मलेशिया गेला. आता पट्टी घेऊन फोटोवर काठीच्या बाजूने मोजले. झेंड्याची उंची २२ मिलिमीटर, चौकोनाची खोली १० मिलिमीटर. दहा भागिले बावीस म्हणजे साधारण ०.४५. लायबेरियाचे पाच भागिले अकरा ०.४५ च येते. अमेरिका असती तर ०.५४, म्हणजे याच झेंड्यावर चौकोन जवळजवळ १२ मिलिमीटर खाली आला असता. दोन मिलिमीटरांचा फरक पट्टीवर स्पष्ट कळतो. लायबेरिया.

खातरजमा सोपी आहे. बोटीच्या मागच्या टोकावर नावाखाली नोंदणीचे बंदर लिहिलेले असते. मुलाला तेवढा एक फोटो काढायला सांगायचा. तिथे ‘मोनरोव्हिया’ असेल तर प्रश्न मिटला, ती लायबेरियाची राजधानी.

मोजताना काठीच्या बाजूनेच का मोजले, तेही सांगतो. कापड काठीला बांधलेले असते, म्हणून ती कड सगळ्यात कमी सुरकुतते. मोकळ्या बाजूवर किंवा मध्ये घेतलेले माप वाऱ्याप्रमाणे बदलते.

## टप्पा ४ : लांबी-उंचीचे प्रमाण

प्रमाण म्हणजे उंचीला लांबी किती. आपल्या तिरंग्याचे २:३, मलेशियाचे १:२, मोनाकोचे ४:५. स्वित्झर्लंडचा झेंडा चौरस आहे आणि नेपाळचा तर चौकोनीच नाही. हुबळीतल्या बेंगेरीला तिरंगे शिवतात तिथे ही मापे ठरवून दिलेली असतात. ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या झेंड्यात प्रत्येक पट्टा २०० चा आणि चक्र १८५ चे. म्हणजे चक्र पांढऱ्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना जवळजवळ भिडते. नायजरच्या झेंड्यावरही नारिंगी, पांढरा, हिरवा असे आडवे पट्टे आहेत आणि मध्ये गोल आहे. पण तो गोल भरीव नारिंगी असतो आणि सगळीकडून भरपूर पांढरे सोडून बसतो.

फोटोतून प्रमाण काढताना एक गोष्ट धरून चाला. वाऱ्याच्या लाटा आणि बाजूने घेतलेला कोन, दोन्हींमुळे झेंड्याची लांबी कमी दिसते. ती वाढून दिसत नाही. म्हणून समोरच्या उंचीवरून घेतलेल्या फोटोत जी लांबी मोजली ती ‘कमीत कमी एवढी’ असे समजा. उदाहरण घ्या : वर तांबडा, खाली पांढरा असा दोन पट्ट्यांचा झेंडा. तो इंडोनेशियाचा असेल किंवा मोनाकोचा. लांबी उंचीच्या १.४ पट मोजली गेली. मोनाकोच्या अधिकृत प्रमाणात ती १.२५ पटीपुढे जात नाही, म्हणून तो बाद होतो. इंडोनेशियाची १.५ पट आहे, लाटांमुळे ती १.४ दिसली. उलट, मोजमाप १.२ आले असते तर काहीच सिद्ध झाले नसते, कारण दोघेही तेवढे आखडून दिसू शकतात.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो आपल्याच गावात पाहता येतो. किल्ला तलावाकाठच्या उंच स्तंभावरच्या तिरंग्याचा फोटो पायथ्याशी उभे राहून काढा. खालून वर पाहताना झेंड्याची उंची आखडते आणि झेंडा आहे त्याहून लांब वाटतो. खालून काढलेल्या फोटोवर प्रमाणाचा निकाल देऊ नका.

सावधान : ऑलिम्पिक, आंतरराष्ट्रीय परिषदा, कॉलेजचे समारंभ अशा ठिकाणी सगळ्या देशांचे झेंडे एकाच मापात शिवून घेतात. टेबलावरचे छोटे झेंडे आणि मोबाईलमधले झेंड्यांचे चित्रही तसेच. तिथे हा टप्पा सरळ सोडून द्या. प्रमाण खात्रीचे ते फक्त सरकारी इमारत, वकिलात किंवा जहाजावरच्या झेंड्याचे.

## टप्पा ५ : चिन्ह आणि राजचिन्ह

राजचिन्ह वाचायचाही क्रम आहे. आधी मधली ढाल, मग ढालीच्या आत काय, मग वर काय, मग दोन्ही बाजूंना कोण उभे, आणि शेवटी खालच्या फितीवरचा मजकूर. लोक वरचा मुकुट किंवा बाजूचा सिंह आधी पकडतात. पण सिंह निम्म्या युरोपाच्या चिन्हांत आहेत. देश ठरतो तो ढालीच्या आतल्या खुणांवरून.

हाच नियम घरातही लागू पडतो. सारनाथचे सिंह दिसले म्हणजे भारताचे राजचिन्ह, असे आपल्याकडे सरसकट समजतात. तहसीलदार कचेरीतून आलेला कागद काढून बघा. कर्नाटकाच्या चिन्हात सिंह आहेत, पण ते वर, शेंड्याला. मध्ये तांबड्या ढालीवर दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आहे आणि दोन्ही बाजूंना हत्तीच्या सोंडेचे सिंह. देशाच्या चिन्हात ढालच नाही. सिंहांखाली पट्टी, पट्टीच्या मध्ये चक्र, आपल्या उजवीकडे बैल, डावीकडे घोडा आणि खाली ‘सत्यमेव जयते’. बैल डावीकडे दिसला तर एक तर फोटो उलटा आहे किंवा चित्र काढणारा चुकलाय.

इंग्रजी वर्णन वाचताना लक्षात ठेवा, युरोपातल्या राजचिन्हांत ‘उजवे’ म्हणजे ढाल हातात धरणाऱ्याचे उजवे. पाहणाऱ्याला ते डावीकडे दिसते.

### पेटीतला गोव्याचा फोटो

चोर्ला घाटापलीकडे नाती असलेल्या घरांत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर. कृष्णधवल फोटो, एका इमारतीवर झेंडा, मध्यात कुठेतरी गोल किंवा ढाल. पोर्तुगीज असणार हे घरच्यांना माहीत असते. प्रश्न असतो तो राजाच्या काळातला की प्रजासत्ताकाच्या, कारण त्यावरून फोटोचा काळ ठरतो.

ढालीचा गाभा दोन्ही काळांत सारखाच आहे. पाच छोट्या निळ्या ढाली फुलीसारख्या मांडलेल्या, प्रत्येकीवर पाच पांढरे ठिपके, फाशावरच्या पाचासारखे. भोवती तांबडी किनार आणि तिच्यावर सात किल्ले. एवढे जुळले की पोर्तुगाल पक्का. काळ ठरतो तो ढालीच्या भोवती काय आहे त्यावरून. वर राजमुकुट असेल तर राजेशाही, म्हणजे ऑक्टोबर १९१० च्या आधीचा झेंडा. मुकुट नाही आणि ढालीमागे गोल गोल कड्यांचा गोळा असेल, म्हणजे जुने खलाशी तारे मोजायला वापरत ते गोलयंत्र, तर तो १९११ मध्ये स्वीकारलेला प्रजासत्ताकाचा झेंडा. गोव्यात तो १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होता.

चिन्ह धूसर असेल तर त्याची जागा मोजा. प्रजासत्ताकाच्या झेंड्यात काठीकडचा हिरवा भाग लांबीच्या पाचातला दोन आणि उरलेला तांबडा पाचातला तीन. गोळा बरोबर त्या सांध्यावर बसतो, म्हणून तो झेंड्याच्या मध्यावर नसून काठीकडे सरकलेला दिसतो. त्याची उंची झेंड्याच्या निम्मी असते. कृष्णधवल फोटोत हिरवा आणि तांबडा दोन्ही करडे होतात आणि सांधा दिसतच नाही, पण एकरंगी गडद कापडावर काठीकडे सरकलेला मोठा गोळा दिसतोच.

राजेशाहीचा झेंडा निळा-पांढरा होता, काठीकडे निळा. "मग एक बाजू काळी, एक पांढरी दिसेल" असे वाटते. इथेच पुष्कळजण फसतात. त्या काळच्या फोटोच्या काचा आणि फिल्म तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या आणि निळ्याला फार लवकर उजळत. त्यामुळे निळा फिकट येतो आणि तांबडा काळपट. राजेशाहीचा झेंडा अशा फोटोत जवळपास सगळाच पांढरट दिसू शकतो. नंतरच्या फिल्मवर हे असे होत नाही. म्हणून कृष्णधवल फोटोतल्या छटेवरून रंगाचे नाव घ्यायचेच नाही. मुकुट की गोळा, मध्यावर की सरकलेला, एवढ्यावर बोला.

सावधान : नाण्यावर किंवा इमारतीवर ढालीच्या वर बुरुजांचा, तटबंदीसारखा मुकुट दिसला तर तो राजाचा मुकुट नाही. पोर्तुगीज पद्धतीत तसा मुकुट शहराच्या किंवा वसाहतीच्या चिन्हावर असतो आणि तो प्रजासत्ताकाच्या काळातही वापरला गेला. ढालीच्या तळाला पाण्याच्या लाटा असतील तर बहुधा ते वसाहतीचे चिन्ह आहे, देशाचे नाही.

## टप्पा ६ : आता रंग

इथवर आलात तर एक-दोन उमेदवारच उरलेले असतात. रंगाचे काम त्यांच्यातून निवडण्याचे.

फोटोत जे पांढरे असायलाच हवे असे काहीतरी शोधा : शर्ट, भिंत, कागद. तेच पिवळट दिसत असेल तर झेंड्याचे सगळे रंग पिवळ्याकडे झुकलेले धरा. संध्याकाळच्या उन्हात पांढरा केशरी होतो, ट्यूबलाइटखाली हिरवट. कापड उन्हात राहिले की तांबडा गुलाबी किंवा नारिंगी होतो आणि केशरी पिवळा पडतो. चेहऱ्यावर किंवा गणवेशावर रंगवलेल्या झेंड्यावरून तर छटा ठरवूच नये.

काही जोड्या फोटोवरून सुटत नाहीत. रुमानिया आणि चाड दोघांचे झेंडे उभे निळा, पिवळा, तांबडा. प्रमाण तेच, मांडणी तीच, फरक फक्त निळ्याच्या छटेचा. कुठल्याही कॅमेऱ्याच्या फोटोवरून त्यातला एक निवडणे म्हणजे नाणे उडवणे. तिथे फोटो कुठला, माणसे कोण, आजूबाजूला कोणत्या भाषेची पाटी, हेच निर्णायक.

## टप्पा ७ : हा झेंडा देशाचा आहे का, आणि त्या काळचा आहे का?

देश नसलेल्यांचेही झेंडे असतात. पिवळा-तांबडा कन्नड झेंडा आणि भगवा आपण रोज पाहतो, पण परगावचा माणूस तोच फोटो घेऊन देशांच्या यादीत शोधत बसतो. तसेच आपले होते, दुसऱ्या देशातल्या प्रांताचा किंवा क्लबचा झेंडा समोर आला की. मांडणी कोणत्याच देशाशी जुळत नसेल तर ओढून-ताणून जुळवू नका.

बोटीवर आणखी एक घोळ असतो. मागच्या टोकाला असतो तो नोंदणीच्या देशाचा झेंडा. मधल्या डोलकाठीवर उजव्या बाजूला जो छोटा झेंडा असतो तो ज्या देशाच्या बंदरात बोट आली त्याचा, पाहुण्याने यजमानाला दिलेला मान म्हणून. मुलाने त्या छोट्या झेंड्याचा फोटो पाठवला तर त्यावरून बोट कुठे उभी होती ते कळेल, बोट कोणाची ते नाही. शिवाय जहाजावरचा झेंडा जमिनीवरच्या झेंड्याहून वेगळा असू शकतो. भारतीय व्यापारी जहाजावर तांबडा झेंडा असतो, त्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा. तो पाहून "हा कुठला देश?" म्हणून विचारणारे आपल्याकडे कमी नाहीत.

आता तयारीत लिहिलेला कागद काढा आणि फोटोची तारीख झेंड्याशी ताडून पाहा. म्यानमारचा झेंडा २०१० मध्ये बदलला, लिबियाचा २०११ मध्ये, मॉरिटानियाच्या झेंड्यावर दोन तांबडे पट्टे २०१७ मध्ये आले. २००५ च्या फोटोत आजचा म्यानमारचा पिवळा-हिरवा-तांबडा झेंडा दिसतोय असे वाटत असेल तर कुठेतरी चुकलेय. पुन्हा पहिल्या टप्प्याला जा.

पडताळा : उत्तर लिहिताना देशाच्या नावापुढे कशावरून ठरवले तेही लिहा. उदाहरणार्थ, "लायबेरिया. तळाचा पट्टा तांबडा, चौकोन निम्म्याच्या वर संपतो, बोटीवर मोनरोव्हिया." किंवा "पोर्तुगाल, १९११ नंतरचा. मुकुट नाही, गोळा काठीकडे सरकलेला. रंग तपासता आला नाही." किंवा "रुमानिया अथवा चाड. फोटो कुठला ते कळल्याशिवाय सांगता येत नाही." कारण लिहायला दोन गोष्टीही सापडत नसतील, तर ते उत्तर अजून घरच्या ग्रुपवर टाकू नका.